प्रोजेक्टाइलच्या आकृतीत वेगाचे बाण नेमके किती लांब काढायचे?

मृण्मयी_क

अकरावीच्या वर्गासाठी प्रक्षेपित वस्तूच्या मार्गाचा तक्ता करायचा आहे. कमानीवर ठिकठिकाणी वेग आणि त्याचे आडवा व उभा हे दोन घटक दाखवायचे, आणि पल्ला, कमाल उंची, कोन बदलल्यावर होणारा फरक हे सगळं त्याच आकृतीवरून सांगायचं, असा बेत आहे. अडचण बाणांची आहे. बऱ्याच आकृत्यांमध्ये ते अंदाजाने काढलेले असतात. मुलं त्यांची नक्कल करतात तेव्हा आडवा बाण शिखराकडे जाताना आखूड होत जातो, उतरताना पुन्हा लांबतो आणि कमान तर चक्क अर्धवर्तुळ होते. मला पट्टी लावून तपासता येईल अशी आकृती हवी आहे. अंतर मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, मग दोन्ही एकाच कागदावर कोणत्या प्रमाणात बसवायचे?

शेखर०७

सोपं आहे. आधी कमान काढून घ्या, तिचे दोऱ्याने मोजून सारखे आठ भाग करा आणि प्रत्येक खुणेवर स्पर्शिका काढा. वेगाचा बाण त्या स्पर्शिकेवर. दोन्ही टोकांना सगळ्यात लांब, शिखरावर सगळ्यात आखूड, मधे त्या हिशेबाने. मग प्रत्येक बाणाचे आडवे-उभे घटक पाडायचे. पल्ला जास्तीत जास्त दाखवायचा असेल तर ४५ अंश घ्या, तो कायम सर्वात जास्त असतो.

आवर्तन

शेखर, बाण स्पर्शिकेवर हवा आणि शिखरावर सगळ्यात आखूड हवा, हे दोन्ही बरोबर. पण कमानीच्या लांबीचे सारखे भाग पाडले की आकृती तिथेच बिघडते. वस्तू कमानीवर सारख्या चालीने जात नाही, त्यामुळे त्या खुणा सारख्या वेळाच्या राहत नाहीत. आणि मग ‘त्या हिशेबाने’ बाण काढायला हिशेबच उरत नाही. मृण्मयीताईंच्या मुलांचा आडवा बाण आखूड होतो तो असाच, कारण आधी कमान येते आणि घटक मागाहून तिच्यावर बसवले जातात.

उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी घटक ठरवा, त्यांवरून बिंदू मांडा, कमान सगळ्यात शेवटी.

आकडे असे घ्या की भागाकार करावा लागू नये. फेकीचा वेग ५० मी/से, आडवा घटक ३०, उभा घटक ४०, g = १०. कोन साधारण ५३ अंश येतो. आता दर सेकंदाला एक बिंदू. आडवा वेग बदलत नाही, कारण हवेचा रोध सोडला तर आडव्या दिशेने ढकलणारं किंवा अडवणारं काहीच नाही. म्हणून बिंदू आडवे ३०-३० मीटरवर: ०, ३०, ६०, ९०, १२० असे २४० पर्यंत. उभा वेग दर सेकंदाला १० ने कमी होतो: ४०, ३०, २०, १०, ० आणि मग खालच्या दिशेने १०, २०, ३०, ४०. उंची येते ०, ३५, ६०, ७५, ८०, ७५, ६०, ३५, ०. उंचीतल्या वाढी पाहा, ३५, २५, १५, ५. दर वेळी १० ने कमी. बिंदू चुकीचा पडला की तो इथेच सापडतो.

आता प्रमाण. ए४ कागद आडवा धरा आणि १ सेंमी = १० मी घ्या. कमान २४ सेंमी रुंद आणि ८ सेंमी उंच होईल. दोन्ही अक्षांवर तेच प्रमाण ठेवायचं, नाहीतर कोन कोनमापकाने मोजता येणार नाही. वेगासाठी १ सेंमी = १० मी/से. म्हणजे आडवा बाण सगळीकडे ३ सेंमी, उभा सुरुवातीला ४ सेंमी.

हे प्रमाण उगाच सारखं घेतलेलं नाही. असं घेतलं की प्रत्येक बाण ‘गुरुत्व नसतं तर पुढच्या सेकंदात वस्तू कुठे गेली असती’ ते दाखवतो. सुरुवातीच्या बिंदूवरून निघालेल्या वेगाच्या बाणाचं टोक (३०, ४०) वर येतं, तर एका सेकंदानंतरचा खरा बिंदू (३०, ३५) वर आहे. बरोबर ५ मीटर खाली, कागदावर ५ मिमी. पुढच्या बिंदूवरही तेच: (३०, ३५) वरून ३० आडवं आणि ३० वर गेलं की (६०, ६५), खरा बिंदू (६०, ६०). शिखरावरून आडवा बाण (१५०, ८०) वर जातो, खरा बिंदू (१५०, ७५). चढताना, शिखरावर, उतरताना, कुठेही पाहा, बाणाचं टोक पुढच्या बिंदूच्या नेमकं डोक्यावर, ५ मिमी अंतरावर असतं. तक्ता तपासायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. एखादं अंतर ५ मिमी नसेल तर तो बाण तरी चुकला आहे किंवा पुढचा बिंदू तरी.

मृण्मयी_क

हे फारच उपयोगी आहे, आवर्तन. पण नऊच्या नऊ बिंदूंवर वेग, आडवा घटक, उभा घटक असे तीन-तीन बाण काढले तर गर्दी होईल ना? आणि घटक एकाच बिंदूवरून काढायचे की एकाच्या टोकाला दुसरा जोडायचा?

आवर्तन

टोकाला जोडून काढा. बिंदूपासून आडवा ३ सेंमी, त्याच्या टोकापासून उभा, आणि बिंदूपासून उभ्याच्या टोकापर्यंत वेग. काटकोन त्रिकोण होतो. फायदा असा की आडव्या बाणाचं टोक पुढच्या बिंदूच्या उभ्या रेषेवरच येतं, म्हणजे ‘आडवं अंतर = आडवा वेग × १ सेकंद’ हे न सांगता दिसतं. एका बिंदूवरून दोन्ही काढले तर चढत्या बाजूला उभा बाण कमानीच्या बाहेर मोकळा दिसतो, पण उतरत्या बाजूला तो कमानीच्या पोटात शिरतो आणि लेबल लिहायला जागा राहत नाही.

गर्दीसाठी पूर्ण त्रिकोण ०, २, ४, ६, ८ सेकंदांवरच ठेवा. मधल्या बिंदूंवर फक्त वेगाचा बाण. ४ सेकंदावर त्रिकोण नसेल, एकच आडवा ३ सेंमीचा बाण असेल, आणि तिथे ‘उभा घटक ०’ असं लिहायलाच हवं. नुसतं मोकळं सोडलं की मुलांना वाटतं काढायचं राहून गेलं.

खाली ५ सेंमी जागा सोडायला विसरू नका. शेवटचा बाण जमिनीच्या रेषेखाली ४ सेंमी आणि उजवीकडे ३ सेंमी जातो. जागा नसली की तोच बाण आखूड काढला जातो आणि ‘फेकला त्याच चालीने खाली येतो’ हे आकृतीतून नाहीसं होतं.

कमान जोडताना एक जागा सांभाळा. ३ ते ५ सेकंदांमध्ये ती आडवी ६ सेंमी जाते आणि शिखराखाली फक्त ५ मिमी उतरते. हाताने काढताना तिथे हमखास टोक येतं. आधी शिखरावर हलकी आडवी रेघ मारून ठेवा आणि कमान तिला टेकवत न्या.

गौरी_द

मला एक कळत नाहीये. शिखरावर कमान आडवी असते, म्हणजे तिचा चढ शून्य. चढ म्हणजेच वेग ना? मग तिथे वेग शून्य व्हायला हवा. ३ सेंमीचा बाण कसा काय?

आवर्तन

गौरी, आलेखाचा चढ म्हणजे वेग, हे तू शिकलीस ते ज्या आलेखात आडव्या अक्षावर वेळ असतो त्याच्याबद्दल. इथे आडव्या अक्षावर वेळ नाही, अंतर आहे. हा प्रत्यक्ष मार्ग आहे, बाजूने पाहिलेला. त्याचा चढ सांगतो की वेगाची दिशा कोणती. वेग किती आहे ते सांगत नाही. चढ = उभा घटक ÷ आडवा घटक. शिखरावर ०/३०, म्हणून चढ शून्य. वेग मात्र ३० मी/से आहे.

घोळ होण्याचं कारण असं की उंची आणि वेळ यांचा आलेख काढलास तर तोही हुबेहूब असाच दिसतो. आडवा वेग स्थिर असल्यामुळे ३० मीटर म्हणजे १ सेकंद, इतकाच अक्षाच्या आकड्यांचा फरक. त्या आलेखात शिखरावरचा शून्य चढ हा फक्त उभा वेग शून्य असल्याचं सांगतो. वेग खरोखरच शून्य झाला असता तर वस्तू तिथून सरळ खाली पडली असती, कमानीची दुसरी बाजू निघालीच नसती.

मृण्मयी_क

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. तक्त्यावर आडव्या अक्षाखाली वेळेचे आकडेही लिहावेत का? ३० मी खाली ‘१ से’ वगैरे?

आवर्तन

अक्षावर नको, त्यानेच हा गोंधळ वाढेल. वेळ बिंदूंशेजारी लिहा.

बिंदुसार

ज्यांना हाताने काढायचं नाही त्यांच्यासाठी हाच तक्ता पायथॉनमध्ये:

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

g, ux, uy = 10, 30, 40
t = np.arange(0, 9)
x, y, vy = ux*t, uy*t - g*t**2/2, uy - g*t
s = np.linspace(0, 8, 200)
plt.plot(ux*s, uy*s - g*s**2/2)
plt.quiver(x, y, ux + 0*t, vy,
           angles='xy', scale_units='xy', scale=1)
plt.gca().set_aspect('equal')
plt.xlim(-10, 280)
plt.ylim(-50, 100)
plt.show()
```

`quiver` च्या ओळीतले शेवटचे तीन पर्याय गाळले तर बाणांची लांबी तो स्वतःच्या मनाने ठरवतो आणि दिशा पडद्याच्या हिशेबाने घेतो. अक्षांचं प्रमाण वेगवेगळं असेल तर बाण कमानीला स्पर्श करण्याऐवजी तिला छेदून जातात. `xlim` आणि `ylim` सुद्धा द्यावेच लागतात, कारण चित्राची हद्द ठरवताना बाणांची टोकं धरली जात नाहीत, फक्त शेपट्या धरल्या जातात. शेवटचा बाण कापला जातो तो त्यामुळेच.

शेखर०७

वेळेच्या सारख्या भागांचं पटलं. पण कोनाचं काय? तो तर अजून आकृतीत कुठे आलाच नाही. पल्ल्याच्या सूत्रात sin 2θ येतं, ते बाणांवरून कसं दाखवणार?

आवर्तन

sin 2θ न आणताच दाखवता येतं. हवेत राहण्याचा वेळ फक्त उभ्या घटकावर ठरतो: ४० मी/से शून्यावर यायला ४ सेकंद, परतायला ४, एकूण ८. पल्ला म्हणजे तेवढ्या वेळात आडव्या घटकाने कापलेलं अंतर, ३० × ८ = २४०. एकत्र लिहिलं की

R = 2·ux·uy/g

आणि कमाल उंची फक्त उभ्या घटकाची,

H = uy²/(2g)

आता त्याच कागदावर दुसरी कमान काढा, घटकांची अदलाबदल करून. आडवा ४०, उभा ३०, कोन सुमारे ३७ अंश. बिंदू आडवे ४०-४० मीटरवर, उंची ०, २५, ४०, ४५, ४०, २५, ०. ही कमान ६ सेकंदांतच संपते, शिखर ८० ऐवजी ४५ मीटरवर, पण पडते कुठे? २४० वरच. गुणाकार तोच, ३० × ४० काय आणि ४० × ३० काय. बेरीज ९० अंश असलेल्या दोन कोनांचा पल्ला सारखा का, हे मुलांना या दोन कमानी शेजारी शेजारी पाहिल्या की लगेच कळतं. आणि दोन्हींवर बाणटोक व बिंदू यांतलं अंतर तेच ५ मिमी राहतं, कारण ते कोनावर अवलंबून नाही, फक्त g वर आहे.

४५ अंशांचं कारणही इथेच आहे. एकूण वेग ५० ठेवायचा, म्हणजे दोन घटकांच्या वर्गांची बेरीज २५०० च राहणार. ती कायम ठेवून गुणाकार सगळ्यात मोठा होतो तो दोन्ही घटक सारखे असताना, प्रत्येकी ३५.४. पल्ला २५० मीटर, उंची ६२.५. म्हणजे ५३ अंशांवरून ४५ वर आल्याने फक्त १० मीटर मिळाले. शिखराजवळ कुठलाही वक्र सपाट असतो, तसं इथेही. ४० किंवा ५० अंशांवरही पल्ला २४६ मीटर येतो. पण ६० वर २१७ आणि ७५ वर थेट १२५. उंची मात्र वाढतच जाते, ७५ अंशांवर जवळजवळ ११७ मीटर.

कमानीचा आकार डोळ्यांनी तपासायचा असेल तर सुरुवातीची स्पर्शिका वाढवा. पल्ल्याच्या मध्यावर ती कमाल उंचीच्या बरोबर दुप्पट उंचीवर पोचली पाहिजे. आपल्या ५३ अंशांच्या कमानीत १२० मीटरवर १६० मीटर. ४५ अंशांची कमान उंचीच्या चौपट रुंद असते. अर्धवर्तुळ उंचीच्या फक्त दुप्पट रुंद असतं आणि सुरुवातीलाच सरळ वर उठतं, तो कुठल्याच फेकीचा मार्ग होऊ शकत नाही.

प्रयोगवही

४५ अंशांबद्दल इथेच विचारतो, आकृतीचा प्रश्न नाही. प्रयोगशाळेत स्प्रिंगचा लाँचर टेबलाच्या कडेला लावलेला आहे, नळीचं तोंड जमिनीपासून १ मीटर. लोखंडी गोळी जमिनीवर पडते. सरळ आडवी मारली तर १.८१ मी जाते. कोन बदलल्यावर सरासरी अशी येते: ३० अंशांना २.३७ मी, ३५ ला २.३५, ४५ ला २.२४. दर कोनाला गोळ्या साधारण ३ सेंमीच्या पट्ट्यात विखुरतात. ४५ ला सर्वात जास्त यायला हवं होतं. लाँचर खराब आहे का?

शेखर०७

कोनमापक चुकीचा लागला असेल. ४५ ला कमी येऊच शकत नाही.

आवर्तन

येऊ शकतं, आणि इथे यायलाच हवं. ४५ चा नियम वस्तू सुटते त्याच पातळीवर पडत असेल तरच. इथे ती १ मीटर खाली पडते. सुटलेल्या पातळीवर परत आल्यावरही तिचा प्रवास संपत नाही, आणि त्या जास्तीच्या वेळात फायदा आडव्या घटकाचा होतो. म्हणून कोन थोडा सपाट केलेला बरा. सर्वात चांगला कोन

tan θ = u/√(u² + 2gh)

आडव्या फेकीवरून वेग काढू. १ मीटर पडायला ०.४५ सेकंद, १.८१ भागिले ते, म्हणजे ४ मी/से. g = ९.८ धरून सर्वात चांगला कोन सुमारे ३४ अंश येतो. हिशेबाने ३० ला २.४२ मी, ३५ ला २.४३, ४५ ला २.३३. ४५ मागे पडतो, तुमच्या आकड्यांत दिसतं तसाच. मृण्मयीताईंच्या तक्त्यात ५० मी/से वेग आहे, तिथे १ मीटरच्या फरकाने कोन ४५ वरून जेमतेम हलेल. वेग कमी असेल तेव्हाच ही उंची जड जाते.

प्रयोगवही

पण माझे सगळे आकडे हिशेबापेक्षा ५ ते ९ सेंमीने कमी आहेत, आणि ४५ ला तूट सर्वात जास्त आहे. हवेचा रोध?

आवर्तन

लोखंडी गोळी, ४ मी/से, अडीच मीटरपेक्षाही कमी अंतर. हवा इतकं खाणार नाही. संशय लाँचरवर घ्या, पण तो खराब आहे म्हणून नाही. नळी तिरकी केली की स्प्रिंगला गोळी वरही उचलावी लागते, त्यामुळे गोळी सुटते तेव्हाचा वेग कोनाबरोबर थोडा कमी होतो. स्प्रिंग किती दाबली जाते?

प्रयोगवही

सुमारे ६ सेंमी.

आवर्तन

मग u² मधून 2·g·d·sinθ वजा करा, d = ०.०६ मी. ४५ अंशांना वेग ४ ऐवजी ३.९ च्या आसपास येतो आणि पल्ला २.२४. ३० आणि ३५ या दोन्हींना २.३६. तुमच्या नोंदींशी हे एक सेंमीपर्यंत जुळतं.

बिंदुसार

एक शंका. नळी मागच्या टोकाला बिजागरीवर असेल तर कोन वाढवला की तोंड वर जातं. म्हणजे उंची १ मीटर राहत नाही. नळी २० सेंमीची असेल तर ४५ ला तोंड १४ सेंमी वर. त्याने पल्ला वाढायला हवा होता, मग इतकं छान जुळतं कसं?

प्रयोगवही

बिजागरी नळीच्या तोंडापाशी आहे की मागे, ते पाहावं लागेल. १ मीटर उंची नळी आडवी असताना मोजलेली आहे.

आवर्तन

बिंदुसारचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बिजागरी मागे निघाली तर माझा हिशेब जुळला तो योगायोग, आणि मग घर्षणासारखं आणखी काहीतरी वेग खात असणार. वेगळं करून पाहायची सोय आहे: नळीच्या तोंडाच्याच पातळीवर एक फळी धरून गोळी तिच्यावर पाडा. तेव्हा R = 2·ux·uy/g लागू पडतं आणि प्रत्येक कोनाचा वेग थेट मिळतो. कोन बदलला की फळीची उंचीही तोंडाप्रमाणे पुन्हा लावायची.

मृण्मयी_क

तक्त्याबद्दल शेवटचं. उतरत्या बाजूच्या उभ्या बाणांशेजारी १०, २० लिहू की −१०, −२०?

आवर्तन

१०, २०. दिशा बाणाने सांगितलेली आहे. खाली जाणाऱ्या बाणाला उणे चिन्ह लावलं तर त्याचा अर्थ वर असाही कोणी काढेल.

बिंदुसार

इथे मी सहमत नाही. मुलं vy = 40 − 10t मध्ये t = ६ घालून −२० काढतात आणि तक्त्यावर २० दिसतं. सूत्र आणि चित्र जुळत नाही असं त्यांना वाटतं. बाणाशेजारी ‘vy = −२०’ असं पूर्ण लिहिलं तर ती घटकाची किंमत आहे हे स्पष्ट होतं, बाणाची लांबी नाही.

मृण्मयी_क

दोन्ही बाजू पटतात. सध्या बाणाशेजारी नुसती लांबी लिहिते आणि vy च्या चिन्हासहित किमतींचं कोष्टक कमानीखाली वेळेप्रमाणे देते. सातव्या सेकंदाच्या बाणाचं टोक जमिनीच्या वर ५ मिमी येतंय, तेवढं आत्ता मोजून पाहिलं.